हातांची फुली : दोरीवरच्या उड्यांची एक पायरी राहून जाते ती

धुळ्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या सकाळी चार घरची धुणीभांडी करतात, पती मार्केटात हमालीला जातात. मुलगी सहावीत शिकते. शाळेत खेळाच्या तासाला दोरीवरच्या उड्या झाल्या. साध्या उड्या तिला बऱ्यापैकी आल्या, परंतु हात क्रॉस करून मारायच्या उडीला दोरी दर वेळी पायात अडकली. मुली हसल्या. तेव्हापासून खेळाचा तास आला की तिचे पोट दुखते आणि ती वर्गातच बसून राहते. भगिनींनी विचारले आहे, 'तिच्या अंगात ते नाहीच, की तिला कोणी नीट शिकवले नाही?'

आमचे उत्तर दुसरे आहे. जळगाव आणि धुळ्याच्या वस्त्यांत आम्ही सुट्टीच्या सकाळी मुले गोळा करून दोरी शिकवतो. साध्या उडीपासून क्रॉसपर्यंत जाताना जे अडते ते बहुतेक एकाच जागी अडते. साधी उडी आली की मुलांना एकदम 'आता हात क्रॉस करा' असे सांगितले जाते. मधल्या दोन पायऱ्या कोणी दाखवत नाही. त्या पायऱ्यांबद्दलच आज लिहायचे आहे. पण त्याआधी दोरीकडे पाहावे लागेल, कारण निम्म्या मुलांच्या हातात दोरीच चुकीची असते.

बाजारात मिळणारी दोरी साधारण नऊ फुटांची, मोठ्या माणसाच्या मापाची असते. सहावीतल्या मुलीला ती फार लांब होते. लांब दोरी पायांच्या पुढे फूटभर अंतरावर जमिनीवर आपटते, मग घसरत येते आणि बोटांत अडकते. मूल समजते, आपली उडी चुकली. माप घ्यायची रीत सोपी आहे. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून उभे राहायचे आणि दोन्ही मुठी वर ओढायच्या. मुठींची टोके काखेपर्यंत आली पाहिजेत. साडेचार फूट उंचीच्या मुलीला मुठींसकट पावणेसात ते सात फूट दोरी पुरते. जास्तीची दोरी कापू नका, मुठीजवळ गाठ मारा. मूल वाढेल तशी गाठ सोडता येते, आणि धाकट्यालाही तीच दोरी चालते.

दुसरी गोष्ट वजनाची. सुताची दोरी किंवा घरात कपडे वाळत घालायची पातळ नायलॉनची दोरी हवेत कमान धरत नाही. साध्या उडीला ती कशीबशी चालते, पण हात क्रॉस केले की मधोमध चुरगळून खाली पडते. स्पर्धेतली मुले शिकताना मण्यांची दोरी वापरतात, म्हणजे नायलॉनच्या दोरीवर प्लास्टिकच्या नळीचे तुकडे ओवलेले असतात. तिला वजन असते, ती कमान धरते आणि जमिनीला लागली की टप्प असा आवाज करते. तो आवाज किती उपयोगी आहे हे पुढे कळेल.

ही दोरी आपल्या जिल्ह्यात घरी करता येते. केळीच्या पट्ट्यात ठिबकच्या नळ्या कुठे मिळत नाहीत असे नाही. रावेर, यावल, चोपडा या बाजूला ज्यांचे कोणी शेतमजुरीला जाते त्यांना ठिबकची जुनी बारीक नळी मागितली तर मिळते. पेन्सिलीएवढी जाड नळी घ्यावी, स्वच्छ धुवावी आणि तिचे इंच-इंच लांबीचे तुकडे करून नायलॉनच्या दोरीवर ओवावेत. फार घट्ट ओवू नयेत, नाहीतर दोरी काठीसारखी ताठ होते. दोन्ही टोकांना गाठी मारायच्या आधी सगळे तुकडे मिळून बोटभर जागा मोकळी राहिली पाहिजे. मुठीसाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे सात-सात इंचांचे दोन तुकडे घ्यावेत. त्यांच्या एका तोंडाला टोपण बसवावे, टोपणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडावे, दोरी त्यातून आत घ्यावी आणि आत वॉशर घालून गाठ मारावी. खिळा तापवायचे काम मोठ्या माणसाने करावे. मूठ धरून दोरी फिरवली तेव्हा दोरी मुठीत मोकळी फिरली पाहिजे. ती फिरली नाही तर पीळ पडतो आणि दहा उड्यांत दोरी वेडीवाकडी होते. मूठ लांब ठेवायला सांगतो त्याचेही कारण आहे. हात क्रॉस केल्यावर मुठीचे टोक अंगाच्या बाहेर निघाले पाहिजे, आणि लहान मुलांचे हात आखूड असतात. दोन इंचांनी वाढलेली मूठ तेवढीच मदत करते.

जागा आठ फूट बाय आठ फूट पुरे. विहारासमोरचे पटांगण, शाळेची मागची बाजू, चाळीतला मोकळा बोळ, काहीही चालते, फक्त डोक्यावर विजेची तार किंवा पत्र्याची कड नको. दाबलेल्या मुरमाची जमीन सगळ्यांत चांगली. शहाबादी फरशी आणि सिमेंट पायांना कठीण पडते, तिथे कॅनव्हासचे बूट घालूनच उडी मारावी. आपली काळी माती पावसाळ्यात दोरीला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, भेगेत पाय गेला तर घोटा मुरगळतो. वेळेचेही तसेच. जळगाव-भुसावळकडच्या वैशाखात ऊन वर आल्यावर हा खेळ मुळीच नको, सकाळी साडेसातच्या आत आटपावे. धुळ्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलटे असते. पहाटे पाय आखडलेले असतात, तेव्हा पाच मिनिटे चालून, हळू पळून, घोटे फिरवून मगच दोरी हातात घ्यावी. आम्ही हा सगळा अभ्यास दिवाळीनंतर सुरू करतो आणि फाल्गुनापर्यंत नेतो.

आता उडी. पहिले दोन दिवस दोरीशिवाय उड्या. पंजावर उतरायचे, टाच जमिनीला जेमतेम टेकली तरी चालेल, गुडघे किंचित वाकलेले. उडी दोन इंचांपेक्षा उंच नको. मुलांना हे पटत नाही, त्यांना वाटते दोरी चुकवायची तर उंच उडी पाहिजे. उंच उडीला वेळ लागतो, उतरताना धक्का बसतो आणि पुढच्या फेरीला पाय तयार नसतो. आम्ही त्यांना सांगतो, पायाखालून मांजर जाणार नाही, उंदीर जाईल एवढीच उडी.

मग दोन्ही मुठी एकाच हातात धरून दोरी अंगाच्या बाजूला फिरवायची आणि टप्प आवाज आला की उडी मारायची. दोरी पायाखालून जात नाही, त्यामुळे अडकायचा प्रश्नच नाही. मूल फक्त कानाने ताल पकडते. उजव्या हाताने वीस, डाव्या हाताने वीस. डाव्या हाताला वेळ लागतो, लागू द्यावा. पुढे क्रॉस करताना दोन्ही मनगटांनी सारखेच काम करायचे असते, आणि ज्याचा डावा हात इथे आळशी राहिला त्याची दोरी तिथे तिरकी येते.

त्यानंतर दोरी टाचांमागे ठेवून वरून पुढे आणायची, पायांपुढे थांबवायची आणि मग ओलांडायची. एक-एक करून. हळूहळू थांबा कमी होतो आणि सलग उड्या येतात. सुरुवातीला मुले प्रत्येक फेरीला दोनदा उडतात, एकदा दोरीवरून आणि एकदा नुसतीच. त्यात वावगे काही नाही, पण क्रॉसकडे जाण्याआधी ती मधली उडी गेली पाहिजे. एका फेरीला एकच उडी, अशा वीस उड्या न अडकता, आणि थोडे थांबून पुन्हा वीस. हे जमले की पुढे, मग त्याला चार दिवस लागोत की तीन आठवडे. वर्गात सगळ्यांना एकाच तारखेला पुढच्या पायरीवर नेतात, तिथेच मागे पडलेली मुले कायमची मागे पडतात.

पायांचे प्रकार, म्हणजे डावीउजवीकडे उडी, पुढेमागे उडी, पाय फाकवून जुळवणे, पळल्यासारखे एक-एक पाय टाकणे, हे मुले एकमेकांचे पाहून शिकतात. त्यावर जागा घालवत नाही.

आता ती राहून जाणारी पायरी. तिला आम्ही 'बाजूची फेरी' म्हणतो. दोन्ही हात जवळ आणून दोरी डाव्या अंगाला एकदा फिरवायची, मग उजव्या अंगाला एकदा. जमिनीवर आडवा आठचा आकडा काढल्यासारखे होते. उडी नाही, नुसते हात. यात मूल पहिल्यांदाच हात अंगासमोरून पलीकडे नेते, आणि तसे नेताना मनगट फिरत ठेवते. क्रॉसमध्ये नेमके हेच करायचे आहे. ही फेरी बसली की डावीकडे एक, उजवीकडे एक, मग हात उघडून एक साधी उडी. पुन्हा डावीकडे, उजवीकडे, उडी. हात उघडायची वेळ म्हणजे दोरी डोक्यावर आली ती वेळ. मुलांच्या ध्यानात ही गोष्ट इथे येते, आणि क्रॉसचीही वेळ तीच आहे.

दुसरी राहून जाणारी पायरी तुटक्या दोरीची. तुटलेली जुनी दोरी फेकू नका. तिचे मुठीसकट अडीच-अडीच फुटांचे दोन तुकडे करा आणि सुट्या टोकाला जाड गाठ मारा. एका हातात एक तुकडा धरून दोन्ही फिरवायचे, उडी मारायची, हात क्रॉस करायचे, उघडायचे. पायात अडकायला काहीच नाही. ज्या मुलाच्या मनात दोरीचा फटका बसण्याची धास्ती आहे त्याचे खांदे इथे सैल होतात. शिकवणाऱ्यालाही खोट दिसते. हात क्रॉस केल्यावर एखादा तुकडा फिरायचा थांबून लोंबत राहिला, म्हणजे त्या हाताचे मनगट थांबले. पूर्ण दोरीवर हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त दोरी पायात आली एवढेच दिसते.

मग खरी क्रॉस उडी. आधी दोरी न फिरवता नुसते उभे राहून हातांची फुली करून पाहायची. उजवा हात डाव्या कुशीच्या पलीकडे, डावा हात उजव्या कुशीच्या पलीकडे. कोपरे पोटापाशी एकमेकांवर येतात. मनगटांवर मनगट आले तर फुली अपुरी आहे. मुठींची टोके बाहेर पाहत असली पाहिजेत आणि हात कमरेच्या हाडाच्या वर नको, थोडे खालीच बरे. कोणता हात वर हे मुलाने ठरवावे, पहिल्या महिन्यात त्यात ढवळाढवळ करू नये.

आता दोरी मागून वर आणायची. ती डोक्यावरून पुढे उतरू लागली की फुली करायची आणि दोरी पायांपुढे येऊन थांबू द्यायची. उडी नाही. पाहायचे, पायांपुढे दोरीची कमान पडली आहे का. पायांइतकी रुंद आणि सरळ कमान पडली तर फुली बरोबर. कमान वीतभर अरुंद झाली, किंवा एका बाजूला ओढली गेली, तर हात पुरेसे पलीकडे गेले नाहीत. अशा दहा-बारा वेळा झाल्या की त्याच कमानीवरून एक उडी मारायची आणि थांबायचे. मग उडी मारल्यावर, दोरी पुन्हा डोक्यावर येताच हात उघडायचे आणि एक साधी उडी मारायची. उघडणे हा अर्धा धडा आहे. पुष्कळ मुलांना क्रॉस जमतो आणि नंतरच्या साध्या उडीला ती अडकतात, कारण हात उघडायला उशीर होतो.

पुढे तीन साध्या उड्या आणि एक क्रॉस. मग दोन साध्या, एक क्रॉस. मग एक साधी, एक क्रॉस, असे आलटून पालटून. सलग क्रॉस, म्हणजे हात न उघडता पाच-सहा उड्या, त्यानंतरच.

जळगावच्या आमच्या सकाळच्या गटात एक मुलगी होती, तिचीही गत धुळ्याच्या या मुलीसारखीच. सहावीत, उंची साडेचार फुटांच्या आसपास. साध्या उड्या चाळीस मारायची. क्रॉसला दोरी दर वेळी नडगीवर लागायची. आम्ही तीन-तीन मुलांचे गट करतो. एक उडी मारतो, एक मोजतो आणि एक पाहतो. पाहणाऱ्याने एकच गोष्ट पाहायची, बाकी काही नाही. त्या दिवशी पाहणाऱ्या मुलाला आम्ही सांगितले होते की तिचे पाय पाहू नकोस, फक्त हात पाहा. चौथ्या वेळी तो म्हणाला, 'हिचे हात वर जातात.'

गोष्ट खरी होती. फटका बसेल या धास्तीने ती अंग चोरायची, फुली करताना कोपरे आवळून दोन्ही हात छातीशी घ्यायची. आता हिशेब पाहा. हात कमरेपासून छातीपर्यंत गेले म्हणजे साधारण आठ इंच वर गेले. हात आठ इंच वर गेले तर दोरीचा तळही जवळजवळ तेवढाच वर येतो. दोरीला ढील दोन-तीन इंचांची आणि तिची उडी दोन इंचांची. उरलेले तीन-चार इंच कुठून आणणार? दोरी नडगीवर बसणारच. ती मात्र आणखी उंच उडायचा प्रयत्न करत होती. उंच उडण्यासाठी हात आणखी वर उचलले जायचे, आणि दोरी आणखी वर यायची.

आम्ही तिला उडीबद्दल एक शब्द बोललो नाही. ओढणी कमरेला घट्ट बांधायला सांगितली, दोन्ही कुशींवर एक-एक गाठ. फुली केली की उजव्या हाताने डाव्या गाठीच्या खाली जायचे, डाव्या हाताने उजव्या गाठीच्या खाली. दोन दिवस तुटक्या दोरीवर, मग पूर्ण दोरीवर कमान थांबवून. चौथ्या दिवशी पहिला क्रॉस पायाखालून गेला. पाचव्या दिवशी एकही गेला नाही, हे असे होतेच. नवव्या दिवशी तीन साध्या आणि एक क्रॉस असा फेरा तिने चार वेळा न अडकता केला. मग गाठी सोडल्या तरी हात खालीच राहिले.

सगळ्यांचा दोष हाच असेल असे नाही. दोरी कुठे लागते ते पाहिले की दोष सापडतो. नडगीवर किंवा घोट्यावर लागली तर हात वर गेले. कानावर किंवा खांद्यावर घासली तर फुली अपुरी, हात अंगासमोरच राहिले आणि कमान अरुंद झाली. बोटांच्या टोकाला लागली तर फुली उशिरा झाली, दोरी गुडघ्यापर्यंत उतरल्यावर हात हलले. डोक्याच्या मागच्या बाजूला अडली तर घाई झाली, दोरी अजून पाठीमागेच होती. आणि दोरी समोर येऊन लुळी पडली, कुठे लागलीच नाही, तर मनगटे थांबली. त्याला इलाज पुन्हा तुटकी दोरी. शिकवणाऱ्याने एका वेळी एकच दोष सांगावा. 'हात खाली घे, मनगट फिरव, उडी कमी कर, समोर बघ' असे चारही एका दमात सांगितले की मूल जागीच थिजते.

दमसासाचेही बोलले पाहिजे, कारण दोरी ही व्यायाम म्हणूनही शिकवली जाते. शिकताना आणि दम वाढवताना दोन्ही एकत्र करू नये. नवी पायरी ताज्या पायांनी, सुरुवातीच्या दहा मिनिटांत शिकायची. दमलेल्या मुलाचे हात सगळ्यांत आधी वर जातात, आणि मग चुकीचीच सवय बसते. दम वाढवायचा तो शेवटी, जी उडी पक्की आली आहे तिच्यावर. अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट चालत विश्रांती, असे आधी सहा वेळा आणि महिनाभराने दहा वेळा. दहा वेळा म्हणजे उड्यांची पाच मिनिटे होतात, दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती भरपूर झाली. विश्रांतीत मुलाला नाव-गाव विचारावे. एक वाक्य सलग बोलता आले तर पुढची फेरी, नाहीतर आणखी थांबा. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे, रोज नको.

रोज का नको, तर आठ ते चौदा या वयात टाचेचे हाड वाढत असते आणि पोटरीची शीर तिथेच ओढली जाते. टाच मागून दाबल्यावर दुखत असेल, मूल सकाळी लंगडत असेल, तर दोन-तीन आठवडे उड्या बंद. तेवढे दिवस बसून तुटक्या दोरीवर हात चालू ठेवता येतात. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवले की दुखते अशी तक्रार असेल तर दवाखान्यात दाखवावे. दम्याच्या मुलांनी आणि ज्या घरात सिकलसेल आहे त्या मुलांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि मधे मधे पाणी प्यावे. पोटभर जेवून लगेच उड्या मारू नयेत, सकाळी उपाशीपोटीही नको. अर्धी भाकरी किंवा एक केळे खाऊन अर्ध्या तासाने यावे.

काही आया आम्हांला बाजूला घेऊन विचारतात, मुलगी शहाणी झाली, आता उड्या मारू द्यायच्या का? द्यायच्या. पाळी सुरू झाली म्हणून दोरी सोडायचे शरीराच्या दृष्टीने काही कारण नाही. त्या दिवसांत पोट दुखत असेल तर थांबावे, नसेल तर खेळावे. आमच्या गटातून मुली गळतात त्या बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि त्याचे कारण पाय नसतात, लोक काय म्हणतील हे असते. आम्ही त्यावर वाद घालत बसत नाही. आयांनाच सकाळी बोलावतो आणि मोजायला बसवतो.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ रोप स्किपिंग या नावाने असतो. तीस सेकंदांच्या वेगाच्या प्रकारात एक-एक पाय आलटून पालटून टाकतात आणि पंच फक्त उजव्या पायाची मोजणी करतात. म्हणून तिथला आकडा ऐकून घरच्या मोजणीशी त्याची तुलना करू नये. मुक्त प्रकारात क्रॉसला आणि त्यातून निघणाऱ्या उड्यांना गुण असतात. जगभरच्या संघटनांची मिळून आंतरराष्ट्रीय जम्प रोप युनियन २०१८ साली झाली. त्याच्या खूप आधी, १९७३ साली, न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड वॉकर नावाच्या पोलिसाने रस्त्यावर दोन दोऱ्यांवर उड्या मारणाऱ्या मुलींचा खेळ पाहून त्याला स्पर्धेचे रूप द्यायचे मनावर घेतले. त्या प्रामुख्याने काळ्या वस्त्यांतल्या मुली होत्या, आणि त्यांच्याकडची दोरी अनेकदा कपडे वाळत घालायचीच असे.

धुळ्याच्या भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे की पत्रावरून आम्हांला हात दिसत नाहीत. आज संध्याकाळी मुलीला अंगणात दहा क्रॉस मारायला सांगा, सगळे चुकले तरी चालेल, आणि तुम्ही फक्त दोरी कुठे लागते ते पाहा. नडगीवर लागत असेल तर ओढणीच्या गाठी. बोटांवर लागत असेल तर चार दिवस मागे जाऊन बाजूची फेरी. दोरीचे माप त्याआधी काखेशी लावून घ्या. दोरी मागे फिरवून मारायचा क्रॉस इतक्यात मागू नका. तिथे दोरी मागून वर न येता पुढून वर जाते, डोळ्यांना ती येताना दिसत नाही, आणि पुढचा क्रॉस सलग दहा आल्याशिवाय त्याला हात लावण्यात अर्थ नाही. त्याबद्दल पुढच्या अंकात लिहू.